ताडपत्राला हात लावण्याआधी

अणहिलवाड पाटण. विक्रम संवत १२२२ (इसवी सन ११६६), ज्येष्ठ महिना. महाराज कुमारपाळांच्या आश्रयाने चाललेल्या, मंदिरालगतच्या पोथीभांडारात एक वृद्ध साध्वी आपल्या धाकट्या साध्वीला सांगते आहे.

पोरी, दीक्षा झाली तेव्हा मावशी-भाचीचं नातं गुंडाळून ठेवलं आपण. आता मी तुझी गुरुणी आणि तू माझी शिष्या. तरी आज जे सांगणार आहे ते मावशीच्याच तोंडाने येईल, एवढं चालवून घे. माझे डोळे आता बारीक अक्षर धरत नाहीत आणि तुझा हात नुकता वळू लागला आहे. बाहेर ओसरीत मोलाने लिहिणारे लहिये बसतात, त्यांच्याकडे बघून तू वेगाने लिहू लागलीस हे मी पाहिलंय. त्यांना श्लोकांच्या हिशेबाने दाम मिळतो. तुला कुणी दाम देणार नाही, मग घाई कुणासाठी करतेस?

१. पान हातात घेण्याआधी ओघ्याने हलकेच पूस, मग उचल. ठेवतानाही जागा आधी बघ — वेष्टनात कसर लपलेली असते आणि तिलाही जीव आहे. कीड मारून पोथी वाचवायची नाही, कीड येऊच नये असं राहायचं. त्यासाठी वेखंडाची पुरचुंडी वेष्टनात ठेवायची आणि पावसाळा सोडून दर पक्षाला ती हुंगून बघायची.

२. मुखवस्त्रिका तोंडावरून ढळू देऊ नकोस, पाठ म्हणत लिहितेस तेव्हा तर मुळीच नाही — थुंकीचा थेंब पडला तर ज्ञानाची आशातना होते आणि ताजं अक्षरही फुटतं. पान उलटायला बोट जिभेला लावायची सवय असेल तर आजच सोड.

३. पान वाकवून बघ. श्रीताडाचं पान लवतं आणि सोडलं की पुन्हा सरळ होतं. खरताडाचं जाड असतं, कुरकुरतं आणि काही वर्षांत कडेने तुटू लागतं — वरून दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून विचार डोळ्यांना नाही, बोटांना.

४. श्रीताड आपल्या गुजरातेत होत नाही. दक्षिणेतून गलबतांनी खंभातला येतं, तिथून बैलगाड्यांनी इथे — तेव्हा एक पान फुकट गेलं म्हणजे काय गेलं, ते लक्षात ठेव.

याच पानांवरून महाराजांची गोष्ट सांगतात. ते एकदा लेखनशाळेत आले तेव्हा लहिये कागदावर लिहीत बसलेले. आचार्य हेमचंद्रांना त्यांनी कारण विचारलं. ताडपत्रं संपली आहेत, असं उत्तर आलं. आपल्या राज्यात गुरूंच्या ग्रंथांना पानं पुरू नयेत याची महाराजांना एवढी लाज वाटली, की पानं येईपर्यंत अन्न घ्यायचं नाही असा त्यांनी नेम केला. पुढे लोक सांगतात, की बागेतले खरताड एका रात्रीत श्रीताड झाले. ते झालं की नाही, हे मी सांगू शकणार नाही. पण राजा पानांसाठी उपाशी राहिला, ही गोष्ट मला त्या चमत्काराहून मोठी वाटते. तू रागाच्या भरात पान मुडपायला घेतलंस, तेव्हा मला तीच आठवली. त्या पानाकडे मी पुढे येते.

५. दक्षिणेत लोखंडी शलाकेने पानावर अक्षर कोरतात आणि मग काजळी चोळतात. आपण कोरत नाही, बरूने लिहितो — आपलं अक्षर पानाच्या पोटात नसून पाठीवर बसतं, म्हणून ते घासण्यापासून जपावं लागतं. पान पानावरून ओढायचं नाही. उचलायचं आणि ठेवायचं.

६. शाई ताडपत्राची वेगळी आणि कागदाची वेगळी. ताडपत्राच्या शाईत काजळी आणि बोळ समभाग घेतात, आणि त्यांच्या जोडीला माका, त्रिफळा, हिराकस, लोह आणि नीळ असते. कागदाला हिराकस आणि लोह लावू नये — कागद त्यांनी खाल्ला जातो, ताडपत्र मात्र ते पचवतं. दोन्ही कुप्या शेजारी ठेवल्यास तर त्यांना वेगळ्या रंगाची दोरी बांध.

७. काजळी आपण धरायची नाही, दिवा लावावा लागतो. ती श्रावकांच्या घरून आलेलीच घ्यायची. आली की चिमूटभर दोन बोटांत चोळ. खरखर लागली तर परत पाठव — कण बरूच्या फाट्यात अडकतो, मग तू बरूला दोष देतेस आणि पुन्हा पुन्हा तासत बसतेस.

८. लिहायचं ते उन्हाच्या उजेडात, दिव्याजवळ कधीच नाही — ज्योतीवर झेपावणारा पतंग तुझ्या अक्षरासाठी मरता कामा नये. सकाळचा स्वाध्याय आटोपून पूर्वेच्या झरोक्याशी बस. गोचरीहून आल्यावर हात जड असतो, तेव्हा लिहिण्यापेक्षा मूळ प्रत वाचून ठेव.

९. नवा मजकूर हाती आला की पहिला दिवस एक अक्षरही न लिहिता नुसता वाच — मूळ लिहिणाऱ्याचा हात ओळखीचा झाला की निम्म्या चुका होतच नाहीत. अनोळखी हाताचं अक्षर पाहुण्यासारखं असतं, पहिल्या दिवशी त्याचं सगळंच आपल्याला कळतं असं धरून चालू नये.

१०. त्या पहिल्या वाचनात त्याचे च आणि व, प आणि य, म आणि स वेगळे करून बघ. प्राकृत असेल तर च्छ आणि त्थ यांच्यासाठी वेगळा वेळ दे — ही जोडाक्षरं शहाण्यासुरत्या लेखकांनाही फसवतात.

११. पडिमात्रेला सगळ्यांत जास्त भी. आपल्याकडे एकाराची मात्रा अक्षराच्या डोक्यावर न देता त्याच्या आधी उभी रेघ म्हणून देतात, आणि ती रेघ मागल्या अक्षराच्या कान्यासारखी दिसते — मुळात ‘न केवल’ असतं आणि घाईतला हात ‘ना कवल’ लिहून मोकळा होतो.

अशा ठिकाणी अडलीस तर दोन गोष्टी बघ. एक, छंद: तिथे गुरू अक्षर हवं की लघू? दोन, अर्थ: ‘ना कवल’चा काही अर्थ लागतो का? दोन्हींनी उत्तर मिळालं नाही तर मूळ जसं दिसतं तसंच लिही आणि समासात बारीक खूण करून ठेव. स्वतःच्या बुद्धीने ‘सुधारून’ लिहू नकोस. चुकलेलं अक्षर पुढचा वाचक ओळखू शकतो. पण चुकीच्या जागी बसवलेलं शहाणं अक्षर कुणालाच सापडत नाही, ते पुढच्या दहा प्रतींत बिनबोभाट उतरत जातं.

१२. कुणी वाचतंय आणि तू लिहितेस असं करू नकोस. बघून लिही, आणि तपासताना मात्र दोघींनी बसा — ऐकून लिहिलं की कानाची चूक, बघून लिहिलं की डोळ्याची. डोळ्याची चूक कानाने पकडता येते.

आता तुझ्या त्या पानाबद्दल बोलू. तू योगशास्त्राचा पहिला प्रकाश उतरवलास. आचार्यांनी हा ग्रंथ महाराजांसाठीच रचला, हे तुला माहीत आहेच. त्याचे १२ प्रकाश आणि वीतरागस्तोत्राचे २० मिळून ३२ पाठ महाराज रोज म्हणतात, असं सांगतात. मूळ प्रतीत पहिल्या प्रकाशाच्या शेवटी आकडा ५६ होता, तुझ्यात ५५ आला. तू रडलीस, आणि दोन्ही पानं बाजूला टाकून पहिल्यापासून लिहायला निघालीस. म्हणून मी तुझा हात धरला. एक श्लोक हरवला तर ५५ श्लोकांना शिक्षा कशाला?

१३. श्लोकाचा आकडा मूळ प्रतीतून बघून घाल, मनातल्या मोजणीने नव्हे — तू मनाने मोजत गेलीस, म्हणून गळलेल्या श्लोकाची जागा आकड्यांनीच झाकून टाकली. नाहीतर ३८ नंतर ४० आलेला तुला तिथेच दिसला असता.

१४. गळालेलं शोधताना पहिल्यापासून वाचत येऊ नकोस, मधून कापत जा — ५६ श्लोकांचं काम पाच-सहा नजरांत होतं.

आपण काय केलं ते आठव. आधी २८वा श्लोक दोन्ही प्रतींत पाहिला, तो सारखा निघाला. म्हणजे चूक त्याच्या पुढे. मग ४२वा पाहिला, तो जुळेना. म्हणजे २८ आणि ४२ यांच्या मध्ये कुठेतरी. ३५ जुळला, ३८ही जुळला, ४० जुळला नाही. राहिला ३९, आणि तोच गळलेला होता. तिथे पाच समित्यांची लक्षणं एकेका श्लोकात सांगितली आहेत आणि ओळीने श्लोकांच्या शेवटी ‘समिती’ हा शब्द येतो. तू तिसरी, एषणासमिती लिहिलीस, बरू शाईत बुडवलास, मान वर केलीस, आणि डोळा पुढच्या श्लोकाच्या ‘समिती’वर जाऊन बसला. मग थेट पाचवी लिहिलीस. जी गळली ती चौथी, आदानसमिती: वस्तू नीट बघून, पुसून उचलावी आणि ठेवावी. भांडारात काम करणाऱ्या साध्वीच्या हातून नेमकी तीच गळावी! हसू नकोस, मलाही हसू येतंय.

१५. बरू बुडवायला जाताना डाव्या हाताचं बोट मूळ प्रतीच्या ओळीखाली असू दे, पानाला न टेकता — सारखे शब्द जवळजवळ आले की डोळा परत येताना घर चुकतो.

१६. ओळीत अक्षरं ठरवून बसव. तुझं पान दीड हाताचं, दोन भोकांचं. म्हणजे ओळीचे तीन भाग पडतात. एका भागात ३२ अक्षरं, म्हणजे एक अनुष्टुभ श्लोक, बसवलास तर ओळीला तीन श्लोक, पाच ओळींत १५ आणि दोन्ही बाजू मिळून ३० — मग चूक कुठे आहे हे पान न वाचताही सांगता येतं.

ही मांडणी आधीपासून नीट पाळली होतीस, म्हणून तर मला लगेच सांगता आलं. ३९वा श्लोक दुसऱ्या पानाच्या पहिल्या बाजूला, तिसऱ्या ओळीच्या तिसऱ्या भागात यायला हवा होता. पुढच्या प्रकाशांत वेगळ्या छंदाचे श्लोक येतील, तिथे हा हिशेब असा चपखल बसणार नाही. पण ३२ अक्षरांचा एक श्लोक धरून ग्रंथाचं माप काढायची रीत सगळीकडे तीच आहे. गद्याची पोथीसुद्धा याच मापाने मोजतात आणि ते माप शेवटी लिहून ठेवतात. पुढचा लेखक त्यावरूनच आपली प्रत पुरी झाली का ते ताडतो.

१७. गळलेला मजकूर ओळीत कोंबू नकोस. जिथून गळला तिथे अक्षरांच्या वर काकपद दे, श्लोक समासात लिही आणि शेजारी ओळीचा आकडा, इथे ३, घाल — नाहीतर वाचणारा समासातला श्लोक भलत्याच ओळीत नेऊन बसवतो.

१८. मग पुढचे सगळे आकडे सुधार: तुझे ३९ ते ५५ हे आता ४० ते ५६ होतील. १७ आकडे आहेत, एकाच बैठकीत कर — निम्मे सुधारून उठलीस तर एका पानावर दोन हिशेब राहतील, आणि ते मूळ चुकीहून वाईट.

१९. ताजी शाई उकळून गार केलेल्या पाण्याच्या ओलसर चिंधीने निघते; जुनी झाली की चोळू नकोस — शाईआधी पानाची साय निघते आणि त्या जागी पुन्हा लिहिलेलं पसरतं. जुनं अक्षर रद्द करायचं असेल तर त्याच्या डोक्यावर दोन बारीक रेघा पुरेत, वाचणारा समजून घेतो.

२०. पानाच्या मागल्या बाजूला डाव्या समासात अक्षरांक आणि उजव्यात आकडा, दोन्ही घाल — एक कड झिजली तरी दुसरीवरून पानाची जागा कळते. दोरा तुटून पानं विखुरली की याची किंमत समजते.

२१. भोकाभोवती मोकळी जागा सोड, अगदी अक्षर तोडावं लागलं तरी — दोरा वर्षानुवर्षं तिथेच घासतो.

आता महाराज यायचे आहेत म्हणून तू धास्तावली आहेस.

२२. ते आले की हातातला श्लोक पुरा कर, मग बरू ठेव — अर्ध्यावर सोडलेली ओळ पुन्हा धरताना घसरते. ते वंदन करतील, आपण धर्मलाभ म्हणायचं. आपण उठायचं नाही आणि लाजायचंही नाही.

२३. राजवाड्यातून काही खायला आलं तर घ्यायचं नाही, राजपिंड आपल्याला कल्पत नाही. पानं, वेष्टनं, पाटल्या आल्या तर त्या भांडाराच्या. तुझ्या म्हणून एकही ठेवू नकोस — आज आवडती पाटली, उद्या आवडतं पान, आणि विहाराच्या दिवशी पाय जड.

२४. महाराजांनी २१ भांडारं उभी केली आणि त्यांत सोन्याच्या अक्षरांचं कल्पसूत्र ठेवलं, असं सांगतात. त्यापुढे आपली काळी अक्षरं बघून हिरमुसू नकोस — सोन्याची प्रत पूजेला निघते, काळी प्रत वाचायला. ज्या प्रतीवरून लोक शिकतात ती आधी शुद्ध हवी.

२५. ‘साध्वीने लिहिलेलं कोण वाचेल’ असं पुन्हा म्हणू नकोस. सिद्धर्षींनी संवत ९६२ मध्ये भिनमाळला उपमितिभवप्रपंचा कथा पुरी केली, तिची पहिली प्रत गणा नावाच्या साध्वीने लिहिली आणि त्यांनी ते ग्रंथातच नोंदवलं. तेवढ्या लांबही जायला नको. इथेच, सिद्धराजांच्या काळात, मलधारी हेमचंद्रसूरींनी विशेषावश्यकभाष्यावर मोठी टीका रचली. तिला मदत करणाऱ्यांच्या यादीत आनंदश्री महत्तरा आणि वीरमती गणिनी ही नावं आहेत — त्या दोघींना नुसतं अक्षर येत नव्हतं, विषय येत होता. म्हणून तुलाही सांगते, रोज जेवढं लिहितेस तेवढ्याचा अर्थ संध्याकाळच्या प्रतिक्रमणाआधी मला सांगत जा.

पावसाचं तेवढं सांगायचं राहिलं, आणि आता ढग दिसू लागले आहेत.

२६. आषाढ चतुर्दशीला चातुर्मास लागेल, त्याआधी लिहिलेली पानं पूर्ण वाळवून, दोन्हीकडे पाटल्या लावून आवळून बांध — सैल बांधलेल्या पोथीत आधी दमट हवा शिरते, मग कसर, आणि वाचक सगळ्यांत शेवटी. पावसाळ्यात वेष्टन सोडायचं नाही. कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीला, उघडायचं, हवा द्यायची, पूस-झाड करायची आणि नवी पुरचुंडी ठेवायची.

२७. पानं एकमेकांना चिकटली तर ओढू नकोस. पोथीभोवती ओलसर फडकं गुंडाळ, पानं आतून सैलावू दे, मग हलक्या हाताने एकेक सोडव — ताडपत्राची शाई तेवढा ओलावा सोसते. कागदावर मात्र हा उपाय करायचा नाही.

२८. शेवटच्या पानावर संवत, महिना, तिथी, गाव, कुणाच्या राज्यात, कुणाच्या उपदेशाने आणि कुणाच्या दानाने हे लिही, त्याखाली ग्रंथाचं माप, आणि अगदी शेवटी आपलं नाव — दोनशे वर्षांनी कुणाला प्रत खरी मानायची की नाही हे ठरवायचं असेल तर त्याला हेच लागेल. पाठ-मान मोडून लिहिल्याचं गाऱ्हाणं लेखक शेवटी लिहितात, ते तू एकदाच लिही, प्रत्येक प्रकाशाच्या शेवटी नको.

बरं, उद्या स्वाध्याय झाला की दुसरं पान घेऊन झरोक्याशी ये. ३९वा श्लोक समासात लिही, १७ आकडे सुधार, मग मी मूळ तोंडाने म्हणेन आणि तू तुझ्या प्रतीवर नजर ठेव. पहिल्यापासून ५६पर्यंत. महाराज आलेच तर ते थांबतील.